कोडेक्स, कलम 31 आणि घरचं लोणचं

प्रश्न: सर, एलएलएमच्या रेग्युलेटरी लॉच्या पेपरात कोडेक्स आणि छोट्या फूड बिझनेसचं लायसन्सिंग एकत्र विचारतात. आंतरराष्ट्रीय मानकं घरून माल विकणाऱ्याला लागू होतात का, आणि त्याला परवान्यातून सूट म्हणजे नेमकी कशातून सूट? माझी काकू इंदूरलाच घरून लोणचं आणि चटण्या विकते, तिच्यासारखं एखादं उदाहरण घेऊन सांगाल का?

उत्तर:

तुझ्या काकूंचे आकडे मला माहीत नाहीत, म्हणून माझ्याच एका अशिलाची केस घेतो. 2022 साली सुदामा नगरच्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या, घरच्या मागच्या दोन खोल्यांत कैरीचं लोणचं, गोडा मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि दिवाळीला फराळ, हाताखाली तीन बायका. त्यांना इथे ताई म्हणतो. त्यांच्या केसमध्ये तुझ्या पेपरचे दोन्ही भाग येतात.

पण आधी कोडेक्स, म्हणजे अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं, कारण बहुतेक मुलं इथेच घसरतात आणि सरळ लिहून टाकतात की भारत सदस्य आहे म्हणून कोडेक्स बंधनकारक आहे. तसं नाहीये. एफएओ आणि डब्ल्यूएचओ या दोघांनी मिळून 1963 मध्ये कोडेक्स अॅलिमेंटेरियस कमिशन सुरू केलं, भारत 1964 पासून सदस्य आहे, आणि कमिशन जी मानकं काढतं ती ऐच्छिक असतात. म्हणजे कोडेक्सचं लोणच्याचं मानक आहे, 2007 चं, आंब्याच्या चटणीचं तर 1987 पासून वेगळं आहे, पण ताईंच्या बरणीत त्यापेक्षा काही वेगळं निघालं म्हणून त्यांच्यावर कोणी कोडेक्सखाली केस करू शकत नाही. कोडेक्स हा मुळात करारसुद्धा नाही, ती तज्ज्ञ आणि सरकारं मिळून ठरवलेली मानकं आहेत.

मग त्याचं वजन आलं कुठून? 1995 मध्ये डब्ल्यूटीओ आली आणि तिच्याबरोबर एसपीएस करार आला, म्हणजे अन्नसुरक्षा आणि प्राणी-वनस्पतींच्या आरोग्यासाठी देश जे नियम करतात त्यांचा करार. या करारात अन्नसुरक्षेसाठी ज्या आंतरराष्ट्रीय मानकांकडे बघायचं ती म्हणून कोडेक्सचं नाव घातलं गेलं. अनुच्छेद 3 नीट वाच, तिथे तीन पायऱ्या आहेत. देशांनी आपले नियम आंतरराष्ट्रीय मानकांवर आधारायचे, ही पहिली. तुमचा नियम मानकाशी तंतोतंत जुळत असेल तर तो करारानुसारच आहे असं गृहीत धरलं जातं, ही दुसरी. आणि तुम्हाला त्याहून कडक नियम करायचा असेल तर करा, पण त्याला शास्त्रीय आधार दाखवा, ही तिसरी. 1998 च्या हॉर्मोन्स केसमध्ये, म्हणजे युरोपने हॉर्मोन दिलेल्या गुरांचं मांस अडवलं होतं ती केस, अपिलेट बॉडीने स्पष्ट सांगितलं की मानकावर आधारलेलं असणं आणि मानकाशी जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे एक वाक्य पेपरात आलं की तपासणाऱ्याला कळतं की मुलाने करार वाचलाय.

आता हा सगळा करार बोलतो कोणाशी, तर देशाशी. ताईंशी नाही. देशाने ते आत आणायचं तर आपल्याकडे कायदा लागतो, राज्यघटनेचा अनुच्छेद 253 संसदेला तो करायचा अधिकार देतो. 2006 चा अन्नसुरक्षा आणि मानके कायदा घे. त्याच्या कलम 18 मध्ये लिहिलंय की मानकं ठरवताना प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, दोन गोष्टी लक्षात घ्यायच्या, एक आपल्या देशातल्या चालत आलेल्या पद्धती आणि परिस्थिती, त्यात शेती, साठवण, वाहतूक सगळं आलं, आणि दुसरं आंतरराष्ट्रीय मानकं. दोन्ही एकाच ओळीत. शिवाय यातली कुठलीही गोष्ट इथे उपयोगाची नाही असं वाटलं तर ती बाजूला ठेवायची मोकळीकही तिथेच दिली आहे. कलम 16 मध्ये आणखी एक अट आहे, आंतरराष्ट्रीय आणि देशी मानकांत सुसंगती आणायची, पण ती आणताना देशात जी संरक्षणाची पातळी आहे ती खाली येता कामा नये. कोडेक्स आपल्याकडे येतं ते या गाळणीतून, आणि कलम 92 खालचं रेग्युलेशन होऊनच येतं, ज्याचा मसुदा आधी प्रसिद्ध करावा लागतो. नुसतं परिपत्रक काढून चालत नाही. मुंबई हायकोर्टाने 2014 मध्ये व्हायटल न्यूट्रास्युटिकल्स केसमध्ये हेच म्हटलं की प्राधिकरणाच्या अॅडव्हायजरीला कायद्याचं बळ नाही, आणि 2015 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं.

हे सगळं एका आकड्यात दाखवता येतं, आणि मी परीक्षेला हाच वापरायला सांगतो. शेंगदाणा ओला राहिला, बुरशी लागली की त्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. पुढे प्रक्रिया होणार असलेल्या शेंगदाण्यात कोडेक्सची मर्यादा किलोला 15 मायक्रोग्रॅम आहे. आपल्या नियमांत पुढच्या प्रक्रियेच्या मालाला तेच 15 घेतलंय आणि थेट खायच्या मालाला 10. युरोपात थेट खायच्या शेंगदाण्याला एकूण 4 आहे. आता ताईंना कुठला आकडा लागू? इंदूरमध्ये चटणी विकतात म्हणून भारतीय नियमातला, चटणी थेट खायची असते म्हणून 10 चा. कोडेक्सचा 15 त्यांना कधीच थेट लागणार नाही, युरोपचा 4 तेव्हाच लागेल जेव्हा माल तिकडे जाईल. आणि युरोपचा आकडा कोडेक्सहून कडक आहे म्हणून तो बेकायदेशीर ठरत नाही, तिसरी पायरी आठव.

आता लायसन्सिंग. याच कायद्याच्या कलम 31 च्या पहिल्या पोटकलमात आहे की परवान्याशिवाय कोणी अन्नव्यवसाय करायचा नाही. दुसऱ्या पोटकलमात स्वतः बनवून विकणारे छोटे उत्पादक, छोटे दुकानदार, फेरीवाले, तात्पुरता स्टॉल लावणारे, लघु आणि कुटीर उद्योग यांना त्यातून सूट आहे, पण त्यांनी रजिस्ट्रेशन करायचं. आणि त्याच वाक्यात पुढे असं आहे की या सुटीमुळे सुरक्षित आणि सकस अन्न मिळण्याला किंवा ग्राहकांच्या हिताला बाधा यायला नको. मुलं हा शेवटचा तुकडा सोडून देतात आणि खरं उत्तर तिथेच आहे.

कोण छोटा हे कायद्यात कुठेही आकड्यात नाही. तो आकडा 2011 च्या लायसन्सिंग आणि रजिस्ट्रेशनच्या नियमावलीत आहे, आणि नियमावलीतला आहे म्हणून तो प्राधिकरण नोटिफिकेशनने बदलू शकतं, संसदेकडे जावं लागत नाही. पेपरात हे लिही आणि परीक्षेच्या आधी ताजा आकडा बघून जा. ताईंच्या वेळेला मूळ मर्यादा होती वर्षाची उलाढाल 12 लाखांपर्यंत, आणि दूध-मांस सोडून बाकी अन्नाची उत्पादनक्षमता दिवसाला 100 किलो किंवा लिटरपर्यंत. दूध गोळा करणाऱ्यांना दिवसाला 500 लिटर. या दोन अटींच्या मध्ये नियमात चक्क आणि/किंवा असं लिहिलेलं होतं, त्यामुळे एक अट पुरते की दोन्ही लागतात यावर वाद घालता येतो. पेपरात दोन्ही वाचन मांड. अशिलाला मात्र मी नेहमी दोन्ही मर्यादांच्या आत राहायला सांगतो, कारण शंका निघाली तर तिचा त्रास त्यालाच होतो.

ताईंची 2021-22 ची उलाढाल आम्ही वहीवरून काढली. फराळ 3 लाख 10 हजार, लोणचं 2 लाख 60 हजार, मसाला आणि चटण्या मिळून 3 लाख 70 हजार, एकूण 9 लाख 40 हजार. इथपर्यंत ठीक. गडबड झाली ती क्षमतेत. त्यांच्या मुलीने foscos.fssai.gov.in वर अर्ज भरताना मसाला दळायच्या नवीन मशीनवरची पाटी बघून दिवसाची क्षमता 150 किलो टाकली. झालं, अर्ज रजिस्ट्रेशनमधून उडाला आणि स्टेट लायसन्सच्या रस्त्याला लागला. आता तेव्हाचा फरक बघ, रजिस्ट्रेशनला फॉर्म ए आणि वर्षाला 100 रुपये, आणि इकडे फॉर्म बी, वर्षाला 3000 रुपये, खोल्यांचा नकाशा, यंत्रांची यादी, पाण्याचा तपासणी अहवाल, आणि पुढे दरवर्षी 31 मे च्या आत वार्षिक रिटर्न, उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये दंड. दोन खोल्यांच्या उद्योगाला हे ओझं झेपत नाही, आणि गरजही नव्हती.

मग खरी क्षमता काढायची कशी? त्या व्याख्येत क्षमता म्हणजे मशीनवरची पाटी असं काही म्हटलेलं नाही. मी बघतो ते असं, की सगळं स्वयंपाकघर मिळून एका दिवसात तयार माल जास्तीत जास्त किती काढू शकतं, आणि हा आकडा जिथे काम सगळ्यात हळू चालतं तिथे ठरतो. ताईंकडे मशीन 150 किलो दळू शकतं, पण मसाला भाजायला एकच मोठी कढई, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत भाजून 35 किलोच्या वर जात नाही. लोणच्याचा हंगाम वेगळा, मे-जूनमध्ये दिवसाला 50 किलो कैरी फोडतात, कोय जाऊन 32-33 किलो फोडी उरतात, त्यात मीठ, मोहरी, तिखट, तेल धरून 60 किलोच्या आसपास लोणचं होतं. त्या दिवशी बाकी काही बनत नाही कारण चौघीही फोडीलाच बसलेल्या असतात. म्हणजे सगळ्यात भरलेल्या दिवशी 60, मर्यादा 100. हे आम्ही एका कागदावर मांडलं, अर्ज मागे घेऊन नव्याने फॉर्म ए भरला आणि क्षमता 60 लिहिली. याउलट हंगामात आठच दिवस का होईना 140 किलो काढत असत्या, तर मी त्यांना स्टेट लायसन्सच घ्यायला सांगितलं असतं, कारण क्षमता सरासरीने मोजत नाहीत.

फॉर्म भरताना दुसरी चूक होते व्यवसायाच्या प्रकारात. स्वतः बनवून विकणारे बरेचदा रिटेलर टाकतात, कारण आपण विकतो एवढंच डोक्यात असतं. मग तपासणीच्या दिवशी घरात भट्टी दिसते आणि कागदावर उत्पादक कुठेच नाही. ताईंच्या अर्जात आम्ही उत्पादक म्हणून टाकलं. हाताखाली तीन बायका आहेत म्हणून स्वतः बनवणारी ही अट मोडते का असं त्यांनी विचारलं होतं. नाही मोडत, व्याख्येच्या दुसऱ्या भागात कुटीर उद्योग आणि छोटे व्यवसाय उलाढालीच्या मर्यादेत आलेलेच आहेत.

मुदत लक्षात ठेव. रजिस्ट्रेशनचा अर्ज आल्यापासून 7 दिवसांत अधिकाऱ्याने द्यायचं, कारण लिहून नाकारायचं किंवा तपासणीची नोटीस द्यायची, आणि तपासणी लावली तर 30 दिवसांत निकाल. यातलं काहीच झालं नाही तर छोटा व्यावसायिक धंदा सुरू करू शकतो. परवान्याच्या बाबतीत हीच सोय कलम 31 मध्येच दोन महिन्यांची आहे. दोन्ही मुदती शेजारी शेजारी लिहिल्या तर उत्तर चांगलं दिसतं.

आता सूट नेमकी कशातून, हा तुझा दुसरा भाग. परवान्याशिवाय धंदा केल्याची शिक्षा कलम 63 मध्ये आहे आणि त्या कलमातच कलम 31(2) च्या लोकांना वगळलंय. म्हणून ताईंसारख्यांवर कलम 63 लागत नाही. या कलमातली शिक्षा 2023 च्या जन विश्वास कायद्याने बदलली आहे, तेव्हा बेअर अॅक्ट त्यानंतरचा घे, जुन्या गाइडमधली सहा महिने कैद लिहू नकोस. दुसरी सवलत कलम 50 मध्ये आहे, ग्राहकाने मागितलेल्या दर्जाचा माल दिला नाही तर बाकीच्यांना 5 लाखांपर्यंत दंड आणि छोट्यांना 25 हजारांपर्यंत. तिसरी कलम 69, छोट्यांची प्रकरणं पैसे भरून मिटवायची सोय, पण ज्यात कैदेची शिक्षा आहे ती प्रकरणं यात मिटत नाहीत.

बस, इथे सवलती संपल्या. अन्न असुरक्षित निघालं तर कलम 59 मोठ्या कारखान्याला जसं लागतं तसंच ताईंना लागतं. चटणीत अफ्लाटॉक्सिन 10 च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशन आहे, उलाढाल छोटी आहे, हे काही कामाला येत नाही. स्वच्छतेचंही तसंच, 2011 च्या त्याच नियमावलीतल्या शेड्यूल 4 चा पहिला भाग खास रजिस्ट्रेशनवाल्यांसाठी लिहिलेला आहे, पिण्यायोग्य पाणी, झाकण, हात धुणं, आजारी माणसाने माल न हाताळणं असं साधंच, पण ते पाळायचंच आहे. आणि इथे कोडेक्स पुन्हा भेटतं. अन्नाच्या स्वच्छतेची कोडेक्सची मूळ संहिता 1969 ची, 2020 मध्ये सुधारलेली, तीही म्हणते की काही व्यवसायांत चांगल्या स्वच्छतेच्या सवयी नीट पाळल्या तरी पुरतं, प्रत्येकाने धोक्याच्या जागा शोधून त्यांवर नजर ठेवायचा मोठा एचएसीसीपी आराखडा करत बसायची गरज नाही. आशियासाठी रस्त्यावरच्या खाण्याची वेगळी संहितासुद्धा 2017 मध्ये आली. आपल्या छप्पन दुकानला आणि सराफ्याला क्लीन स्ट्रीट फूड हबचा दर्जा मिळाला तेव्हा जे पाहिलं गेलं ते याच जातीचं होतं, पाणी, कचरा, हात, झाकण. मला ही रचना योग्य वाटते. छोट्याच्या डोक्यावरचे कागद कमी झाले तर त्याचं लक्ष दाण्याकडे राहतं.

दाण्याकडे म्हणजे अक्षरशः. ताई शेंगदाणा छावणीच्या बाजारातून घ्यायच्या आणि सरळ भाजायच्या. मी त्यांना परातीत पसरून आधी निवडायला सांगितलं, सुरकुतलेला, काळपट डागाचा, तुटका दाणा बाजूला, कारण विष बहुतेक अशा थोड्याच दाण्यांत साठलेलं असतं. भाजल्याने ते कमी होतं, पूर्ण जात नाही, आणि चटणी कुटली की तो खराब दाणा सगळ्या घाण्यात पसरतो, मग निवडायला काही उरत नाही. पोत्याखाली लाकडी पाट आणि पावसाळ्यात एका वेळी पंधरा दिवसांपुरताच माल, एवढंच आणखी बदललं.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी सँपल घेतलं गेलं, चटणीचंच. तेव्हा काय करायचं हे पेपरातही येतं आणि प्रत्यक्षातही हेच सगळ्यात जास्त चुकतं. कलम 47 प्रमाणे सँपलचे चार भाग होतात, एक फूड अॅनालिस्टकडे, दोन डेजिग्नेटेड ऑफिसरकडे, आणि चौथा मान्यताप्राप्त लॅबला, पण तो चौथा तेव्हाच जातो जेव्हा व्यावसायिक तशी मागणी करतो, आणि त्याचा खर्चही तोच करतो. दोन अहवाल वेगळे आले तर माल रेफरल लॅबला जातो आणि तिथला निकाल अंतिम. फूड अॅनालिस्टने 14 दिवसांत अहवाल द्यायचा, त्याविरुद्ध अपील 30 दिवसांत. मी ताईंना आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून सँपल घेतानाच त्यांनी चौथ्या भागाची मागणी लिहून दिली. नंतर आठवलं म्हणून माझ्याकडे येणारे कितीतरी आहेत, आणि तेव्हा माझ्या हातात फारसं काही नसतं.

दोन्ही अहवालांत माल सुरक्षित निघाला. पण पाकिटावर बॅच नंबर आणि तारीख नव्हती, म्हणजे मिसब्रँडेड, कलम 52, ज्यात 3 लाखांपर्यंत दंड आहे आणि कलम 50 सारखी 25 हजारांची सवलत तिथे नाही. प्रकरण कलम 68 खाली एडीएम, म्हणजे अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांसमोर गेलं. आम्ही कलम 49 वर बोललो, यातून काही ज्यादा फायदा उचलला नाही, कोणाला इजा नाही, पहिलीच वेळ, आणि चूक कळल्याबरोबर शिल्लक पाकिटं परत बोलावली त्याची वही दाखवली. दंड अगदी थोडा झाला. आता ताईंच्या टेबलावर तारखेचा रबरी शिक्का असतो, घाणा उतरला की आधी वहीत नंबर आणि दाणा कुठल्या पोत्यातला ते लिहितात, मग तोच नंबर पाकिटांवर मारतात.